स्ट्रेन गेज ब्रिजचं कॅलिब्रेशन: सेन्सिटिव्हिटी आणि नॉनलिनिअरिटी अहवालात कशी लिहावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन्स्ट्रुमेंटेशनच्या प्रॅक्टिकलला आणि प्रोजेक्टला रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं दरवर्षी जे प्रश्न घेऊन येतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच आहे. अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी, एक टोक क्लॅम्पमध्ये पक्कं, दुसऱ्या टोकाला आय-बोल्टमध्ये अडकवलेला हूक, वर दोन आणि खाली दोन असे ३५० ओहमचे चार गेज, आणि पूर्ण भार १० किलो. वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एखाद्या काजू कारखान्यात काजूगराची पिशवी टांगून तोलायला जेवढी क्षमता लागेल तेवढीच.

## गेज फॅक्टर माहीत आहे, पट्टीची मापं माहीत आहेत. सेन्सिटिव्हिटी सूत्रातून निघते, मग वजनं टांगायची कशाला?

सूत्रातून अंदाज निघतो. तो जरूर काढा, कारण प्रत्यक्षातला आकडा त्याच्या आसपास आला नाही तर जोडणीत काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं.

आपली पट्टी २५ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड, आणि गेजच्या मध्यापासून हुकापर्यंतचं अंतर १५० मिलिमीटर. १० किलो टांगल्यावर गेजच्या जागी सुमारे १४०० मायक्रोस्ट्रेन येतो. चारही गेज काम करत असतील (दोन ताणात, दोन दाबात), तर आउटपुट म्हणजे गेज फॅक्टर गुणिले स्ट्रेन. गेज फॅक्टर २.१ धरला तर उत्तर येतं २.९४ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. प्रत्यक्ष मोजलं तर आलं २.८४.

साडेतीन टक्के गेले कुठे? पट्टीला व्हर्निअर लावून बघितलं तर जाडी ६.१ मिलिमीटर निघाली. स्ट्रेन जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे एक दशांश मिलिमीटरने तीन टक्क्यांहून जास्त फरक पडला. उरलेला थोडासा गेज फॅक्टरच्या टॉलरन्समध्ये आणि गेज किंचित तिरका चिकटण्यात सहज जातो. आपल्याला शेवटी बोलायचंय एक दशांश टक्क्याच्या भाषेत, आणि तिथवर सूत्र पोहोचत नाही.

## वजनं कुठली घ्यायची? बाजारातली लोखंडी चालतील का?

आधी हिशोब करा. आपल्या पट्टीची वक्रता सुमारे १० ग्रॅमची आहे (ते पुढे येईल). २ किलोच्या एम१ वर्गाच्या वजनात कमाल १०० मिलिग्रॅम चूक चालते, एम३ वर्गात १ ग्रॅम. एम१ ची पाच वजनं लावली तर वजनांची चूक विसरून जा. एम३ ची पाच एकाच दिशेने चुकली तर ५ ग्रॅम होतात, म्हणजे जे मोजायचंय त्याच्या निम्मे. जिममधल्या प्लेट्सवर छापलेला आकडा तर फक्त ओळखीपुरता असतो.

ओतीव लोखंडाची वजनं आपल्याकडच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे उघडी राहिली की गंज धरतात. पोपडे निघाले की वजन कमी, गंज धरून राहिला की जास्त. गंजलेलं वजन घासून चकचकीत करणं हा उपाय नव्हे, कारण घासलेलं लोखंड परत येत नाही. अहवालात वजनांचा वर्ग आणि पडताळणीची तारीख लिहा. पडताळणी झालेली नसेल तर तसं लिहा.

## वाचनं घ्यायचा क्रम कसा ठेवायचा?

सप्लाय चालू करून अर्धा तास काही करू नका. गेजमधून करंट वाहतो, ते थोडे तापतात, आणि पट्टीचं तापमान स्थिर होईपर्यंत शून्य हळूहळू सरकत राहतं.

मग पूर्ण भार तीनदा चढवून उतरवा, काही न नोंदवता. गोंद, क्लॅम्प, हूक सगळं आपापल्या जागी बसतं. हे टाळलं तर पहिली फेरी बाकीच्यांपेक्षा वेगळी येते आणि मग ती ठेवायची की टाकायची यावर ग्रुपमध्ये वाद होतो.

त्यानंतर ०, २, ४, ६, ८, १० किलो असं चढत जा आणि तसंच उतरा. प्रत्येक पायरीवर सारखाच वेळ थांबा, तीस सेकंद पुरेत. चढताना ६ ऐवजी चुकून ८ टांगलं आणि परत ६ वर आलात, तर ते ६ चं वाचन चढतं राहिलेलं नाही. फेरी पुन्हा सुरू करा. अशा तीन फेऱ्या घ्या.

आउटपुटसोबत दर वेळी ब्रिजच्या टोकांवरचं एक्सायटेशनही मोजा. सप्लायवर ५ लिहिलेलं असतं आणि ब्रिजवर ४.९८ असतं, तिथेच ०.४ टक्के गेले. आणि छतावरचा पंखा बंद करा. टांगलेल्या वजनांवर वारा आला की शेवटचा अंक नाचतो, आणि मुलं तो नॉइज समजून फिल्टर शोधत बसतात.

## आमची वाचनं अशी आली आहेत. सेन्सिटिव्हिटी किती आणि कुठल्या एककात लिहू?

| भार (किलो) | चढताना (मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट) | उतरताना |
|---|---|---|
| ० | ०.०००० | ०.०००६ |
| २ | ०.५६९७ | ०.५७११ |
| ४ | १.१३८८ | १.१४०८ |
| ६ | १.७०६९ | १.७०८८ |
| ८ | २.२७४१ | २.२७५५ |
| १० | २.८४०० | |

ही तीन फेऱ्यांची सरासरी आहे, आणि सुरुवातीचं शून्याचं वाचन सगळ्यांतून वजा केलेलं आहे. ते मूळ शून्य किती होतं तेही अहवालात द्या. टेअर करून ते पुसून टाकलं तर पुढच्या वर्षी शून्य सरकलं की नाही हे सांगायला काही उरत नाही.

सेन्सिटिव्हिटी: ०.२८४० मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट, प्रति किलो. नुसत्या मिलिव्होल्टमध्ये (५ व्होल्टला १.४२ मिलिव्होल्ट प्रति किलो) लिहिलं तर आकडा त्या दिवशीच्या सप्लायला बांधला जातो. प्रति व्होल्टमध्ये लिहिलं की तो फक्त पट्टीचा आणि गेजचा राहतो.

आता अंक किती? १० किलोला तीन फेऱ्यांत २.८३९६, २.८४०१ आणि २.८४०३ आलं. पसारा ०.०००७, म्हणजे ०.०२५ टक्के. चौथा अंक जेमतेम खरा आहे. एक्सेलने ०.२८४०१८५७१ दाखवलं म्हणून ते तसंच उतरवू नका. परीक्षक तिथेच पेन टेकवतात.

## एकाच तक्त्यावरून आमच्यात तिघांनी नॉनलिनिअरिटीचे तीन वेगळे आकडे काढलेत. खरा कुठला?

तिघांचेही खरे असू शकतात. नॉनलिनिअरिटी म्हणजे वाचनं एका सरळ रेषेपासून जास्तीत जास्त किती सुटतात, भागिले पूर्ण भाराचं आउटपुट. ही रेषा कुठली हे व्याख्येत आपोआप येत नाही. ती तुम्ही निवडता. चढती वाचनं घेऊन तिन्ही करून बघू.

पहिली रेषा शून्य आणि १० किलो या दोन टोकांतून जाते. तिचा चढ ०.२८४००. ६ किलोला रेषा १.७०४० म्हणते आणि वाचन आहे १.७०६९. फरक ०.००२९. ४ किलोला फरक ०.००२८, २ ला ०.००१७, ८ ला ०.००२१. सगळ्यात मोठा ०.००२९ भागिले २.८४०० म्हणजे ०.१० टक्के.

दुसरी लघुतम वर्गाची रेषा, पण शून्यातून जायची सक्ती केलेली. चढ ०.२८४२२. आता सगळ्यात मोठा फरक १० किलोला पडतो, उणे ०.००२२. म्हणजे ०.०८ टक्के.

तिसरी लघुतम वर्गाची मोकळी रेषा, जी एक्सेलची ट्रेंडलाइन काही न विचारता काढते. चढ ०.२८४०२, इंटरसेप्ट ०.००१५. सगळ्यात मोठा फरक पुन्हा १० किलोला, उणे ०.००१७. म्हणजे ०.०६ टक्के.

पट्टी तीच, वाचनं तीच, आणि ०.१० पासून ०.०६ पर्यंत काहीही लिहिता येतं. म्हणून "नॉनलिनिअरिटी ०.०६ टक्के" एवढंच लिहिलेलं वाक्य माझ्या मते अपुरं आहे. त्यात रेषेचं नाव हवं. कंपन्यांच्या डेटाशीटशी तुलना करतानाही आधी त्यांनी रेषा कुठली धरली ते बघा, नाहीतर आपली पट्टी त्यांच्या लोडसेलपेक्षा सरस निघाल्याचा आनंद होतो आणि तो टिकत नाही.

निवड वापरावरून करा. काट्याचं सॉफ्टवेअर शून्य एकदा आणि पूर्ण भार एकदा घेऊन मधलं सरळ धरणार असेल, तर वापरणाऱ्याला भोगावी लागणारी चूक पहिल्या रेषेचीच आहे, मग ०.१० लिहा. सॉफ्टवेअरमध्ये मोकळ्या रेषेचा चढ आणि इंटरसेप्ट दोन्ही घालणार असाल तर ०.०६ लिहायचा हक्क तुम्हाला आहे. मात्र मग रिकामा काटा शून्य दाखवणार नाही, उणे ५ ग्रॅम दाखवेल. ते लपवायला टेअर दाबलंत की तुम्ही त्या रेषेवर राहिलेलाच नाहीत. आणि सेन्सिटिव्हिटी ज्या रेषेची, नॉनलिनिअरिटीही त्याच रेषेची लिहा. चढ एका रेषेचा आणि फरक दुसऱ्या रेषेपासूनचा, ही भेसळ अहवालांत फार दिसते.

स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात भार, B मध्ये चढती वाचनं, पहिली ओळ शीर्षकाची असेल तर मोकळ्या रेषेसाठी एवढं पुरतं:

```
E1: =SLOPE(B2:B7, A2:A7)
E2: =INTERCEPT(B2:B7, A2:A7)
C2: =B2-($E$1*A2+$E$2)
E3: =100*MAX(MAX(C2:C7), -MIN(C2:C7))/(B7-B2)
```

C2 खाली C7 पर्यंत ओढा. टोकांच्या रेषेसाठी E1 मध्ये `=(B7-B2)/(A7-A2)` आणि E2 मध्ये `=B2` घाला (A2 मध्ये शून्य भार आहे म्हणून), बाकी तसंच.

## आमचा R² ०.९९९९९८५ आलाय. तेवढंच लिहिलं तर?

या तक्त्याचा R² खरोखर एवढाच येतो, आणि तरीही ६ किलोला काटा १० ग्रॅम चुकतो. R² वाचनांच्या एकूण पसाऱ्याशी तुलना करतो, आणि शून्य ते १० किलोचा पसारा एवढा मोठा आहे की त्यापुढे वक्रता दिसेनाशी होते. आलेखाचंही तेच होतं. भार विरुद्ध आउटपुट काढला की तो नेहमी देखणा सरळ येतो आणि काहीच सांगत नाही. त्याऐवजी भार विरुद्ध रेषेपासूनचा फरक असा आलेख काढा. वाचनांना पोट आलंय, पायरी आलीय की नुसती सांडासांड आहे, हे त्यातच दिसतं.

## टक्केवारी पूर्ण भाराची लिहायची की वाचनाची?

पूर्ण भाराची लिहायची रूढी आहे, ती पाळा. पण त्याखाली किलोत काय होतं तेही एकदा लिहा. ०.००२९ भागिले ०.२८४० म्हणजे १० ग्रॅम. २ किलोला फरक ०.००१७, म्हणजे ६ ग्रॅम. पूर्ण भाराच्या हिशोबात हे ०.०६ टक्के दिसतं, त्या २ किलोच्या हिशोबात ०.३ टक्के आहे. लहान पिशव्या तोलणाऱ्याला दुसरा आकडा हवा असतो.

## चढती आणि उतरती वाचनं सरासरी करून एकच नॉनलिनिअरिटी काढली तर चालेल?

नको. त्यात दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळतात. नॉनलिनिअरिटी चढत्या वाचनांवरून काढा. त्याच भाराला उतरताना आणि चढताना जो फरक येतो तो हिस्टेरेसिस म्हणून वेगळा लिहा. आपल्या तक्त्यात तो ४ किलोला सगळ्यात मोठा आहे, ०.००२०, म्हणजे ०.०७ टक्के. शून्यावर परतल्यावर उरलेले ०.०००६ हे ०.०२ टक्के. तेही लिहा, एक ओळ पुरते.

## ही वक्रता येते कुठून? गेज खराब आहेत का?

सहसा नाहीत. मुलं पहिला संशय गेजवर घेतात, दुसरा अ‍ॅम्प्लिफायरवर, आणि हुकाकडे कोणी बघत नाही.

१० किलोला या पट्टीचं टोक सुमारे पावणेसहा मिलिमीटर खाली जातं आणि सुमारे पावणेतीन अंश, म्हणजे ०.०४८ रेडियन वळतं (क्लॅम्पपासून हुकापर्यंत १८० मिलिमीटर धरून). हूक ज्या आय-बोल्टमध्ये अडकवलाय त्याचा टेकण्याचा बिंदू पट्टीच्या जाडीच्या मध्यापासून १० मिलिमीटर खाली आहे. टोक वळलं की हा बिंदू क्लॅम्पच्या दिशेने आत येतो, १० गुणिले ०.०४८ म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर. १५० चा हात १४९.५ झाला. म्हणजे शेवटच्या किलोचा जोर पहिल्या किलोइतका राहिला नाही, पूर्ण भाराला आउटपुट ०.३२ टक्के कमी पडलं.

दोन टोकांतून रेषा ओढली की या कमतरतेचा चौथा हिस्सा मध्यावर पोट म्हणून दिसतो, ०.०८ टक्के. पट्टी वाकल्याने टोक स्वतःही ०.११ मिलिमीटर आत सरकतं, त्याचे आणखी ०.०३. दोन्ही मिळून सव्वापाच-साडेपाच किलोच्या आसपास साधारण ०.१०५ टक्के. तक्त्यात मोजलेली नॉनलिनिअरिटी ०.१० होती. हिशोब जुळतो, गेज निर्दोष.

खात्री करायची असेल तर आय-बोल्ट बदलून टेकण्याचा बिंदू २० मिलिमीटर खाली न्या आणि फेरी पुन्हा घ्या. पोट वाढून ०.१८ च्या आसपास गेलं तर कारण हेच. उपाय उलट दिशेचा. पट्टीच्या कडेतून, जाडीच्या बरोबर मध्यावर, दोन मिलिमीटरचं आडवं आरपार भोक पाडा, त्यात पिन घाला आणि पिनच्या दोन्ही टोकांवर यू आकाराची कडी टांगा. भार आता मध्यावर लागतो, आणि पट्टी वाकण्यामुळे येणारे ०.०३ टक्के तेवढे उरतात.

फरकाच्या आलेखाचा आकार बघायची सवय लावा. गुळगुळीत एका बाजूचं पोट असेल तर बहुधा भूमिती. एखाद्या भाराला पायरी पडली आणि शून्य परत आलं नाही, तर क्लॅम्प सरकला. बोल्ट आवळून फेरी पुन्हा. पोट लहान पण हिस्टेरेसिस मोठा, आणि भार ठेवल्यावर वाचन मिनिटभर रांगत राहतं, तर गोंद नीट धरलेला नाही. तो गेज काढून नवा लावण्याला पर्याय नाही.

## एकच गेज असलेल्या ब्रिजला हेच लागू होतं का?

त्यात ब्रिजची स्वतःची वक्रता जमा होते. एका बाजूचा रेझिस्टन्स वाढला की त्या बाजूचा करंट कमी होतो, त्यामुळे आउटपुट सरळ प्रमाणात वाढत नाही. याच स्ट्रेनला पूर्ण भारावर सुमारे ०.१४ टक्के कमी येतं. चार गेजच्या ब्रिजमध्ये वाढणारे आणि घटणारे जोडीने असतात, म्हणून हे कटतं.

## मे महिन्यात कॅलिब्रेट केलेली पट्टी जुलैत शून्य धरत नाही. पुन्हा कॅलिब्रेट करू का?

आधी ओल शोधा. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा दमट असतेच, आणि सोल्डरच्या टाक्याभोवती फ्लक्स उरलेला असेल, त्यावर खारा थर बसलेला असेल, तर तिथून पट्टीकडे करंट गळायला लागतो. एका गेजला १० मेगओहमची गळती समांतर लागली तर शून्य ०.००८७ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टने सरकतं, म्हणजे ३१ ग्रॅमने. १०० मेगओहमला ३ ग्रॅम. हवा जशी बदलेल तशी ही गळती बदलते, म्हणून नव्या कॅलिब्रेशनने प्रश्न सुटत नाही.

ब्रिज सर्किटपासून सोडवून गेज आणि पट्टी यांच्यामधला इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजा. यासाठी इलेक्ट्रिशियनचा ५०० व्होल्टचा मेगर लावू नका, गेजखालचा पातळ थर फुटू शकतो. ५० व्होल्टच्या आतलं उपकरण वापरा. नव्या, नीट लावलेल्या गेजला हजार मेगओहमच्या वर यायला हवं. दहाच्या खाली आलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने टाके स्वच्छ करा, पट्टी कोमट करून कोरडी करा आणि पुन्हा झाका.

झाकायला कुठलं सिलिकॉन? लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, त्यातून सुटणारं आम्ल तांबं आणि गेजची पातळ पत्री खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. हे काम आगोटीच्या इतर कामांबरोबर मे महिन्यातच उरका. एकदा ओल आत अडकवून वरून सिलिकॉन थापलं की ती बाहेर काढणं बाहेरच ठेवण्यापेक्षा कठीण.

## आमच्याकडे मायक्रोव्होल्ट दाखवणारा मीटर नाही, फक्त HX711 आहे. मग?

चालेल. ब्रिजचं एक्सायटेशन आणि चिपचा संदर्भ दोन्ही त्याच AVDD वरून घ्या, म्हणजे सप्लाय हलला तरी गुणोत्तर कायम राहतं. गेन १२८ ला इनपुटची मर्यादा ५ व्होल्टवर सुमारे २० मिलिव्होल्ट असते, आपलं १४.२ त्यात बसतं, पण मूळ शून्य मोठं असेल तर दोन्हींची बेरीज तपासा.

सेन्सिटिव्हिटी मग काउंट प्रति किलो अशी लिहा, आणि गेन लिहा. डेटाशीटवरून गुणून ते मिलिव्होल्ट प्रति व्होल्टमध्ये बदलू नका, कारण चिपचा खरा गेन तुम्ही मोजलेला नाही. नॉनलिनिअरिटी टक्क्यांत असते, तिला काउंट चालतात. फक्त ती पट्टी आणि चिप दोघांची मिळून आहे असं म्हणा.

## शंट रेझिस्टर लावून कॅलिब्रेशन झालं असं म्हणता येईल?

नाही, पण तपासणी झाली असं म्हणता येईल. ३५० ओहमच्या एका गेजला १ लाख ओहमचा रेझिस्टर समांतर लावला की आउटपुट ०.८७३५ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टने बदलतं, म्हणजे या पट्टीसाठी ३.०८ किलो टांगल्यासारखं. रेझिस्टर ०.१ टक्क्याचा घ्या. कॅलिब्रेशनच्या दिवशी हे वाचन नोंदवा. पुढे पट्टी कारखान्यात बसवल्यावर, जिथे एम१ वजनं न्यायची सोय नाही, तिथे तेच वाचन आलं तर वायरिंग आणि अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहेत. गोंद सुटला असेल किंवा हूक सरकला असेल तर शंटला ते कळणार नाही, कारण त्याने पट्टी वाकत नाही.

वायरही त्याच दिवशी ठरवा. चार वायरींच्या जोडणीत दहा मीटरची बारीक केबल जाऊन-येऊन पावणेदोन ओहम भरली तर ब्रिजवर अर्धा टक्का कमी व्होल्टेज पोहोचतं. ज्या केबलने वापरणार तिच्यासकट कॅलिब्रेट करा, नाहीतर सहा वायरींची जोडणी करा.

## भार न्यूटनमध्ये मागितलाय. ९.८१ ने गुणू?

रत्नागिरीच्या अक्षांशावर, समुद्रसपाटीला, गुरुत्वप्रवेग ९.७८५ येतो. ९.८१ धरला तर पाव टक्का चूक, आपल्या सगळ्या नॉनलिनिअरिटीच्या अडीचपट. गंमत अशी की नॉनलिनिअरिटीच्या टक्केवारीला यातलं काही लागत नाही, कारण सगळी वाचनं सारख्याच पटीत बदलतात. चूक सगळी सेन्सिटिव्हिटीत जाते. किलोत कॅलिब्रेट करून इथेच किलो तोलणार असाल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

## अहवालात शेवटी नेमकं काय लिहायचं? एखादा नमुना द्या.

या पट्टीसाठी मी असा परिच्छेद मान्य करेन:

"चार सक्रिय गेजचा ३५० ओहम ब्रिज, एक्सायटेशन ५ व्होल्ट (ब्रिजच्या टोकांवर मोजलेलं). भार ० ते १० किलो, २ किलोच्या पायऱ्या, एम१ वजनं, तीन पूर्वभारांनंतर तीन फेऱ्या, पट्टीचं तापमान २९ अंश. टोकांच्या रेषेनुसार सेन्सिटिव्हिटी ०.२८४० मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट प्रति किलो. त्याच रेषेपासून चढत्या वाचनांची नॉनलिनिअरिटी पूर्ण भाराच्या ०.१० टक्के (६ किलोला, अधिक दिशेने, १० ग्रॅम). हिस्टेरेसिस ०.०७ टक्के (४ किलोला). शून्य परतावा ०.०२ टक्के. पूर्ण भाराला तीन फेऱ्यांतला पसारा ०.०२५ टक्के. १ लाख ओहम शंटचं वाचन ०.८७३५."

त्याखाली तक्ता आणि फरकाचा आलेख. तापमान शोभेला नाही: अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला साधारण ०.०५ टक्के मऊ होतं, त्यामुळे एसी लॅबमध्ये २४ अंशांना काढलेली सेन्सिटिव्हिटी ३४ अंशांच्या पडवीत अर्धा टक्का वेगळी निघते.

## मग हा काटा काजू खरेदीला वापरता येईल?

नाही. खरेदी-विक्रीच्या काट्याला वैधमापन शास्त्र विभागाची पडताळणी आणि मुद्रा लागते, तुमचं कॅलिब्रेशन कितीही चांगलं असलं तरी. कारखान्याच्या आतली नोंद, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर किती माल गेला, एवढ्यासाठी वापरा, आणि काट्यावर तसं लिहून ठेवा.